चारच ओळी चुकल्या आहेत, त्या चारच मागा

मॅडम, नाशिकला द्वारका चौकाजवळ एका टेम्पोने माझ्या गाडीला पुढून डाव्या बाजूला ठोकलं. गाडी पेट्रोलवरची, १२०० सीसीची, तीन वर्षं आठ महिने जुनी. अधिकृत वर्कशॉपने १,०२,००० रुपयांचं बिल केलं. विमा कंपनी म्हणते ५२,७५० देऊ, आणि 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या व्हाउचरवर सही मागते. गाडी घेतल्यापासून हा माझा पहिलाच क्लेम. चिडून मी दोन पानी पत्र लिहिलंय, ते जोडलं आहे. बिल, सर्व्हे शीट आणि पॉलिसीचे फोटोही पाठवतोय. उरलेले ४९,२५० मिळतील का? पत्र पाठवू का?
— एक वाचक, नाशिक

नमस्कार.

हे पत्र पाठवू नका. दुसरं लिहा, आणि त्यात ४९,२५० मागू नका, २१,२५० मागा. हा आकडा कुठून आला ते सांगते, कारण तुमच्या पत्राचा सगळा जोर त्याच हिशोबात आहे.

तुम्ही दोन पानांत जे लिहिलंय ते मला समजतं. नियमित हप्ता भरला, कधी काही मागितलं नाही, आणि पहिल्यांदा हात पुढे केला तर निम्मे पैसे हातावर ठेवले. राग येणारच. पण मी वीस वर्षं एका विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर काढली आहेत आणि असं पत्र तिथे पोहोचल्यावर त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. टेबलावरचा माणूस पत्र वाचतो, त्यात सर्व्हे शीटमधली एखादी ओळ सापडते का ते बघतो, सापडली नाही की 'सर्व्हेअरच्या मूल्यांकनानुसार रक्कम योग्य आहे' हे ठरलेलं उत्तर धाडतो. मीही धाडलेलं आहे. एका शिक्षकांचं चार पानी पत्र होतं, त्यात 'फसवणूक' हा शब्द सहा-सात वेळा आणि आकडा एकही नाही. मी ठरलेलं उत्तर पाठवलं. पुढे ते विमा लोकपालांकडे गेले आणि तिथे शीट उघडल्यावर कळलं की पेंटिंगची वजावट चुकीची होती. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. चूक कुठे आहे ते त्यांना दाखवता आलं नव्हतं आणि मी शोधायची तसदी घेतली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या टेबलाची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. तिथल्या अधिकाऱ्याला सर्व्हेअरचा आकडा स्वतःच्या पेनाने सहसा बदलता येत नाही, कारण उद्या ऑडिटमध्ये कशाच्या आधारावर वाढवला असं विचारतात. त्याला फाईल सर्व्हेअरकडे परत पाठवून पुरवणी रिपोर्ट मागवता येतो. त्याला तिथे 'अॅडेंडम' म्हणतात. म्हणजे तुमचं पत्र असं हवं की अधिकाऱ्याने ते सर्व्हेअरला जसंच्या तसं पुढे पाठवावं आणि सर्व्हेअरला ओळीओळीला उत्तर द्यावं लागावं. सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नाही, तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि विमाधारकावरही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका ट्रकच्या क्लेममध्ये स्पष्ट केलेलं आहे. तरीही तो निकाल या पत्रात टाकायची गरज नाही. तुमच्याकडे त्याहून हाताशी असलेला पुरावा आहे, तुमच्याच पॉलिसीची छापील पुस्तिका.

आता शीट घेऊन बसू. बेरीज सोपी राहावी म्हणून सगळे आकडे तुमच्या बिलात आहेत तसे करासकट धरते.

बिलाचे पाच गठ्ठे पडतात. धातूचे भाग ३२,००० : बॉनेट ११,२००, डावा फेंडर ५,८००, रेडिएटरच्या पुढचा क्रॉस मेंबर ६,०००, एसीचा कंडेन्सर ९,०००. प्लास्टिकचे भाग २६,००० : बंपर, ग्रिल, फेंडर लायनर, हेडलाइट. पेंटिंग २४,०००. लेबर १८,०००. आणि कूलंट, क्लिपा, नट-बोल्ट असं किरकोळ २,०००.

सर्वात मोठी चूक पेंटिंगमध्ये आहे, आणि ती इतकी नेहमीची आहे की कुणाचीही शीट हातात आली की मी आधी तीच ओळ बघते. सर्व्हेअरने २४,००० चे सरळ निम्मे करून १२,००० धरलेत. त्याच्या डोक्यात नियम अर्धाच राहिलाय. पॉलिसीत पेंटवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, आहे हे खरं, पण तो फक्त रंगाच्या सामानावर. रंगाऱ्याची मजुरी, घासकाम, भट्टीचा खर्च यावर घसारा नसतो, कारण मजुरी काही जुनी होत नाही. आणि बिलात सामान व मजुरी वेगळी दाखवलेली नसेल तर एकूण पेंटिंगच्या २५ टक्के रक्कम सामान म्हणून धरायची, हेही त्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं. तुमच्या बिलात 'पेंटिंग, चार पॅनल' अशी एकच ओळ आहे. म्हणजे २४,००० चे २५ टक्के ६,०००, त्याचे निम्मे ३,०००. कापायचे होते तीन हजार, कापले बारा हजार. या एका ओळीत तुमचे ९,००० अडकलेत. पुस्तिकेत घसाऱ्याचा तक्ता जिथे आहे त्याच्या लगेच खाली हे वाक्य सापडेल. त्या पानाचा फोटो काढा आणि वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

दुसरी चूक कंडेन्सरची. तक्त्यात रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना ५० टक्के घसारा आहे, फायबरग्लासला ३० टक्के, काचेला काहीच नाही, आणि बाकी सगळ्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला तो २५ टक्के येतो. कंडेन्सर अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि पातळ पापुद्र्यांचा असतो, त्यामुळे तो या शेवटच्या गटात पडतो. शीटमध्ये तो बंपर आणि ग्रिलच्या रांगेत टाकून ५० टक्क्यांनी कापलाय. बहुधा पुढच्या तोंडाचं सगळं सामान एका दमात लिहिताना तसं झालं असावं, मुद्दाम केलंय असं मला वाटत नाही. ९,००० वर ४,५०० दिलेत, ६,७५० द्यायला हवे होते. फरक २,२५०.

हाच युक्तिवाद हेडलाइटला लावायचा मोह होईल. तुमच्या पत्रात तो आहेच, 'हेडलाइट काचेचा असूनही निम्मे कापले' असं. हा मुद्दा काढून टाका. अलीकडच्या गाड्यांच्या हेडलाइटची पुढची बाजू पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे प्लास्टिकच. नखाने टकटक करून पाहा, काचेसारखा खणखणीत आवाज येणार नाही. जुन्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडतात तेही याचमुळे. पत्रात एक मुद्दा उघड चुकीचा असला की सर्व्हेअर उत्तर त्याचंच देतो आणि बाकीचे खरे मुद्दे त्याच्या आड जातात.

तिसरी ओळ क्रॉस मेंबरची. ही चूक वेगळ्या जातीची आहे, कारण इथे वाद गणिताचा नाही. सर्व्हेअर म्हणतो, भाग सरळ करता आला असता, बदलायची गरज नव्हती. म्हणून त्याने नव्या भागाची किंमत नाकारून सरळ करण्याचे १,५०० दिलेत. वर्कशॉपने भाग बदलला. २५ टक्के घसारा जाऊन ४,५०० मिळायला हवे होते, फरक ३,०००. इथे पॉलिसीतलं वाक्य उपयोगी पडत नाही, इथे तो भाग स्वतः बोलला पाहिजे. क्रॉस मेंबर म्हणजे रेडिएटर आणि कंडेन्सर ज्यावर बसतात आणि बॉनेटचं लॉक ज्याला जोडलेलं असतं ती आडवी पट्टी. नुसता पोचा आला असेल तर ती सरळ होते. पण पत्र्याला घडी पडून तो दुमडला असेल किंवा वेल्डिंगच्या टाक्याजवळ चिरला असेल, तर सरळ करूनही बॉनेटचं लॉक जागेवर येत नाही, आणि पुढे एक दिवस चालत्या गाडीत बॉनेट उघडण्याची भीती राहते. वर्कशॉपच्या सर्व्हिस अॅडव्हायझरकडून त्यांच्या लेटरहेडवर तीन ओळी लिहून घ्या: भाग कुठे दुमडला किंवा चिरला, सरळ करून का भागलं नसतं, आणि बदलण्याआधी सर्व्हेअरला दाखवला होता का. सोबत भाग उतरवतानाचे फोटो. वर्कशॉपवाले एस्टिमेटसाठी फोटो काढतातच, तुम्ही फक्त मागायचे.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्व्हेअरच्या मंजुरीआधीच वर्कशॉपने भाग बदलून टाकला असेल तर ही ओळ कमजोर होते, आणि मग तुम्ही वर्कशॉपलाच विचारायला हवं की मंजुरी नसताना माझ्या नावावर खर्च कसा टाकलात.

चौथी ओळ लेबरची. १८,००० च्या जागी ११,००० धरलेत, शेऱ्यात एवढंच की 'लेबर वाजवी दराने'. लेबरवर घसारा नाही, पण दर वाजवी आहे की नाही हे बघायचा सर्व्हेअरला अधिकार आहे, आणि काही वर्कशॉपं विम्याचं काम म्हटलं की लेबर फुगवतात हेही मी पाहिलंय. म्हणून या सात हजारांची मला बाकीच्या तिन्हीइतकी खात्री नाही. मागायचे मात्र पूर्ण. वर्कशॉपचं छापील दरपत्रक आणि कामाप्रमाणे फोडलेलं लेबर जोडा: डेंटिंग किती, काढ-घाल किती, एसी गॅस भरणं किती. आणि सर्व्हेअरला एकच प्रश्न विचारा, वाजवी दर तुम्ही कुठल्या दरपत्रकावरून घेतलात? अधिकृत वर्कशॉपच्या कामाला कोपऱ्यावरच्या गॅरेजचा दर लावला असेल तर त्याला ते लिहून द्यावं लागेल, आणि लिहून द्यायची वेळ आली की आकडा बहुतेकदा मधे कुठेतरी येतो.

नऊ हजार, सव्वादोन हजार, तीन हजार आणि सात हजार. झाले २१,२५०. यासकट तुमचा क्लेम ७४,००० चा होतो.

उरलेले २८,००० तुमचेच आहेत, म्हणजे तुमच्या खिशातून जायचे. धातूच्या भागांवरचा घसारा ८,०००, प्लास्टिकचा १३,०००, पेंटच्या सामानाचा ३,०००, किरकोळ सामान २,०००, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला लागणारी सक्तीची वजावट १,०००, आणि जुन्या भागांच्या भंगाराचे १,०००. हे वाचून मन खट्टू होईल याची मला कल्पना आहे. पण तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर अॅड-ऑनच्या रकान्यात काहीही नाही, झिरो डेप घेतलेलं नाही. ते असतं तर यातले घसाऱ्याचे बहुतेक पैसे परत आले असते. पॉलिसीच्या मजकुराशी या २८,००० बद्दल भांडता येत नाही, आणि पत्रात ते मागितले की खऱ्या २१,२५० चं वजन कमी होतं. तसंच रिक्षा-टॅक्सीचे दोन आठवड्यांचे पैसे आणि मानसिक त्रासाची भरपाई. गाडी दुरुस्तीला असल्यामुळे झालेला पुढचा खर्च ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, कव्हरमध्ये येत नाही. या पत्रातून तोही वगळा.

आता व्हाउचर. कोरी सही करून देऊ नका. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलंय की असं व्हाउचर सही केल्याने ग्राहकाचा जास्त भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही. पण कोर्टकचेरीत विनातक्रार केलेली सही अनेकदा ग्राहकाच्या अंगाशी आलेली आहे. सही दबावाखाली केली हे मग ग्राहकालाच सिद्ध करत बसावं लागतं. वर्कशॉपचे पैसे अडकलेत आणि गाडी हवीच आहे, तर ५२,७५० घ्यायला हरकत नाही. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: 'वादातील २१,२५० रुपयांचा हक्क राखून, ही रक्कम अंशतः स्वीकारली.' व्हाउचरचा फोटो काढा आणि त्याच दिवशी तेच वाक्य कंपनीला ईमेलने कळवा. असं लिहिलेलं व्हाउचर घ्यायला कंपनी नकार देत असेल तर तो नकारही ईमेलवर मागा. फोनवर काय बोलणं झालं त्याला पुढे किंमत नसते.

पत्र मराठीत लिहा, पण भागांची नावं शीटमध्ये जशी आहेत तशीच ठेवा, म्हणजे सर्व्हेअरला ओळ शोधावी लागणार नाही. पाठवण्याआधी कंपनीकडून सर्व्हे रिपोर्टची पूर्ण प्रत लेखी मागून घ्या. तुमच्याकडे फक्त शेवटच्या पानाचा फोटो आहे, आणि भाग का नाकारला याची कारणं आतल्या पानांवर असतात. एका पानाच्या पुढे जाऊ नका. मी लिहिलं असतं तर असं:

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचं नाव व शाखा)
प्रत: सर्व्हेअर, (रिपोर्टवरील नाव व परवाना क्रमांक)

विषय: दावा क्र. ____ , पॉलिसी क्र. ____ , गाडी क्र. ____ . मूल्यांकनातील चार बाबींच्या फेरतपासणीबाबत.

महोदय,
वरील दाव्यात आपण ५२,७५० रुपये देऊ केले आहेत. सर्व्हे शीट पॉलिसीच्या अटींशी ताडून पाहता पुढील चार बाबींत फरक आढळतो.

१. पेंटिंग. बिल २४,०००, मंजूर १२,०००. पॉलिसीनुसार ५० टक्के घसारा फक्त सामानाच्या किमतीवर लागतो, आणि एकत्रित बिलात सामान एकूण रकमेच्या २५ टक्के धरायचे असते. त्यानुसार वजावट ३,००० व देय २१,०००. फरक ९,०००. (जोड १ : पॉलिसीचे पान)

२. कंडेन्सर. बिल ९,०००, मंजूर ४,५००. हा भाग अॅल्युमिनियमचा असल्याने गाडीच्या वयानुसार २५ टक्के घसारा लागू होतो. देय ६,७५०. फरक २,२५०. (जोड २ : भागाचा फोटो)

३. क्रॉस मेंबर. बिल ६,०००, दुरुस्तीपोटी मंजूर १,५००. भाग दुमडलेला असल्याने तो सरळ करणे सुरक्षित नव्हते, असे वर्कशॉपचे लेखी मत आहे. २५ टक्के घसारा वजा जाता देय ४,५००. फरक ३,०००. (जोड ३ : वर्कशॉपचे पत्र व फोटो. जुना भाग तपासणीसाठी उपलब्ध आहे.)

४. लेबर. बिल १८,०००, मंजूर ११,०००. अधिकृत वर्कशॉपचे दरपत्रक जोडले आहे. कपातीसाठी कोणता दर आधार धरला ते कृपया लेखी कळवावे, अन्यथा पूर्ण रक्कम मंजूर करावी. फरक ७,०००. (जोड ४ : दरपत्रक व कामाची फोड)

एकूण फरक २१,२५० रुपये. धातू व प्लास्टिकच्या इतर भागांवरील घसारा, सक्तीची वजावट, भंगाराचे मूल्य आणि किरकोळ सामानाची कपात मला मान्य आहे.

कृपया या चार बाबींवर सर्व्हेअरकडून पुरवणी रिपोर्ट मागवावा आणि फरकाची रक्कम द्यावी. एखादी बाब नाकारायची असल्यास पॉलिसीतील कोणत्या अटीनुसार नाकारली, ते बाबवार कळवावे. मान्य असलेली ५२,७५० रुपयांची रक्कम या वादासाठी रोखून धरू नये.

आपला,
(नाव, पत्ता, फोन, दिनांक)

एवढंच. यातलं 'कपात मला मान्य आहे' हे वाक्य अनेकांना खटकतं. आपण होऊन पैसे का सोडायचे, असं मला विचारतात. टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगते, या एका वाक्याने अधिकाऱ्याला कळतं की समोरच्याने शीट वाचली आहे आणि त्याला नेमकं काय हवंय. चिडलेल्या ग्राहकाचं पत्र बाजूला ठेवलं जातं. हिशोब समजलेल्याचं पत्र त्याच दिवशी सर्व्हेअरला जातं.

तुमच्या मूळ पत्रात शेवटी 'ग्राहक न्यायालयात खेचीन' असं आहे. या पत्रात तेही नको. तो रस्ता खुला आहेच, त्याचा धाक लेखी न घालताही. पत्र ईमेलने पाठवा आणि शाखेत एक प्रत देऊन पोच-शिक्का घ्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने १४ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही किंवा पुन्हा तेच ठरलेलं आलं, तर नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि हेच पत्र तिथे चढवा. फोनवरून नोंदवायची असेल तर १५५२५५ हा क्रमांक आहे. बऱ्याच फाईली इथेच हलतात, कारण पोर्टलवरच्या तक्रारींचा हिशोब कंपनीला नियामकापुढे ठेवावा लागतो.

तरीही नाही झालं तर विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय आहे. कंपनीने लेखी नकार दिल्यावर, किंवा तुमच्या पत्राला एक महिना उलटूनही उत्तर आलं नाही तर, तिथे जाता येतं. तिथून एका वर्षाच्या आत तक्रार करायची. शुल्क नाही आणि वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. आणि तुमचा मुद्दा एका पानावर आकड्यांत मांडलेला असल्यावर वकिलाची गरजही पडत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीला पाळावा लागतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. उलट मात्र होत नाही: एकदा ग्राहक आयोगात केस टाकली की त्याच विषयासाठी लोकपालांकडे जाता येत नाही. म्हणून एकवीस हजारांच्या वादासाठी आधी लोकपाल. फक्त ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टेम्पोबद्दल एक गोष्ट राहिली. चूक त्याची होती आणि पोलिसांत नोंद झाली असेल, तर जे २८,००० तुमची कंपनी देत नाही त्यांच्यासाठी टेम्पोच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून या अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिथे बहुतेकांना वकील लागतोच, आणि एवढ्या रकमेसाठी तो परवडेल का हे तुम्ही ठरवा. नोंद झाली नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पण या वादाचं ओझं आत्ताच्या पत्रावर टाकू नका. तो टेम्पोशी आहे आणि हा तुमच्या कंपनीशी.

हे सगळं वाचून झालं की पहिला फोन वर्कशॉपला करा. कंपनीने भंगाराचे म्हणून तुमच्या क्लेममधून १,००० कापलेत, म्हणजे जुने भाग आता तुमचे आहेत. वर्कशॉप ते आठवड्याच्या शेवटी भंगारवाल्याला देऊन टाकतं. क्रॉस मेंबर आणि कंडेन्सर बाजूला काढून त्यावर तुमच्या गाडीचा नंबर मार्करने लिहायला सांगा, आणि जमलं तर उद्याच जाऊन डिकीत टाकून घरी आणा. पुरवणी तपासणीला सर्व्हेअर आला तर ती दुमडलेली पट्टी त्याच्या समोर ठेवता आली पाहिजे.